निरोपाचे भाषण : सहकाऱ्यांशी काय बोलावे, पाठीराख्यांशी काय

प्रश्न : मी बडोद्याच्या एका व्यायामशाळेच्या खो-खो संघातून बरीच वर्षे खेळलो. या हंगामातला शेवटचा सामना झाल्यावर मैदानावरच निरोपाचा छोटा कार्यक्रम ठेवला आहे. संघातले निम्मे खेळाडू गुजराती आहेत, बघायला येणारी बहुतेक आमची मराठी घरे. आभाराची यादी लिहायला घेतली तर ती दोन पाने झाली आणि वाचताना मलाच कंटाळा आला. संघाशी आणि पाठीराख्यांशी एकाच भाषणात कसे बोलावे?

उत्तर : आपली दोन पाने कंटाळवाणी का झाली, याचा अंदाज ती न वाचताही करता येतो. मी बडोद्यात सामन्यांचे निवेदन आणि सत्कार समारंभांचे सूत्रसंचालन करतो, त्यामुळे खेळाडूंनी लिहून आणलेल्या अशा याद्या माझ्या हातात नेहमी येतात. पहिले नाव अध्यक्षांचे असते, मग उपाध्यक्ष, मग प्रशिक्षक, मग ‘माझे सर्व सहकारी’ आणि अगदी तळाशी ‘येथे जमलेले सर्व क्रीडाप्रेमी’. हा क्रम निमंत्रणपत्रिकेचा आहे. त्यात माणसे मानाप्रमाणे येतात आणि खेळात त्यांनी काय केले, हे कुठेच येत नाही. ज्यांच्यासाठी आपण बोलणार आहात त्या दोन्ही गटांच्या वाट्याला मात्र एकेक ओळ येते, तीही घाऊक.

या दोन गटांना आपल्याकडून वेगवेगळ्या गोष्टी ऐकायच्या असतात. सहकाऱ्यांना आपली कारकीर्द पाठ आहे. आपण किती स्पर्धा खेळलात हे त्यांना नव्याने सांगण्यात काही हशील नाही. सोबत खेळताना आपण त्यांचे काय टिपलेत, हे ते ऐकू पाहतात. पाठीराख्यांनी आपला खेळ कठड्यापलीकडून पाहिला. त्यांचा आरडाओरडा आत धावणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचत होता का, आणि पोहोचून त्याचे काय होत होते, हे त्यांना कोणी कधी सांगितलेले नसते. म्हणून एकाच भाषणात दोन भाषणे करावीत आणि त्यांच्यामधली वेस ऐकणाऱ्यांना स्पष्ट कळू द्यावी. पुढे जे लिहितो आहे ते सारे या वेशीभोवतीचे आहे.

आधी वेळेचा हिशेब. मैदानावर उभ्या किंवा जमिनीवर बसलेल्या लोकांसमोर सात मिनिटे पुष्कळ झाली. ध्वनिक्षेपकावर सावकाश बोललेले मराठी मिनिटाला साधारण शंभर शब्द भरते, आणि टाळ्या, हशा, आवंढा यांत एखादे मिनिट सहज जाते. म्हणजे लिहिलेला मजकूर सहाशे शब्दांच्या आत हवा. त्यातले अडीचशेच्या आसपास सहकाऱ्यांना, दीडशेच्या आसपास पाठीराख्यांना आणि उरलेले प्रारंभाला व आभाराला द्यावेत. खो-खोच्या प्रेक्षकाला नऊ मिनिटांच्या डावाची सवय असते; त्याहून लांबलेले भाषण त्याला नेमके किती लांबले, हे घड्याळ न बघता कळते.

आता एक व्यावहारिक गोष्ट, जिच्यामुळे चांगली भाषणे वाया गेलेली मी पाहिली आहेत. आपल्याकडे निरोप घेणारा खेळाडू ध्वनिक्षेपकासमोर आणि संघ त्याच्या पाठीमागे रांगेत उभा, अशी पद्धत पडली आहे. छायाचित्र छान येते, पण सहकाऱ्यांशी बोलायची वेळ आली की वक्ता मान मागे वळवतो, हातातला माईक तोंडापासून दूर जातो आणि भाषणातले सर्वांत जिव्हाळ्याचे वाक्य फक्त पहिल्या दोघांना ऐकू येते. माईक घेऊन पूर्ण वळावे, तर तो कर्ण्याच्या समोर येऊन शिट्टी मारतो. यावर सोपा उपाय आहे. संघाला आपल्या समोर, डाव्या हाताला, मैदानावरच बसवावे आणि प्रेक्षक उजव्या हाताला राहतील असे पाहावे. कर्णे आपल्या पुढच्या बाजूला, तोंड प्रेक्षकांकडे करून असावेत. मग डावीकडून उजवीकडे पाऊलभर वळलात की श्रोत्यांना दिसते की आता आपल्याशी बोलणे सुरू झाले. ‘आता मी पाठीराख्यांकडे वळतो’ असे तोंडाने सांगण्याची गरज राहत नाही.

प्रारंभ वार्तेने करावा. ‘आज काय बोलावे हेच सुचत नाही’ हे वाक्य खरे असले तरी ऐकणाऱ्याला ते शंभरदा ऐकलेले असते. आपण कशातून निवृत्त होत आहात ते पहिल्या दोन वाक्यांत नेमके सांगावे, कारण खेळाडूंच्या निवृत्तीबाबत सर्वाधिक गैरसमज येथेच होतात. उदाहरणार्थ : ‘आजचा सामना माझा या संघातला शेवटचा स्पर्धात्मक सामना होता. यापुढे मी स्पर्धा खेळणार नाही. सकाळच्या सरावाला धावायला मात्र येत राहीन.’ एवढे पुरे. प्रशिक्षक व्हायची इच्छा असेल आणि संस्थेने अजून काही ठरवलेले नसेल, तर त्याचा सूचक उल्लेखही टाळावा, कारण तो ऐकताच समोर बसलेल्या सध्याच्या प्रशिक्षकांच्या चेहऱ्याकडे सगळ्यांच्या नजरा जातात. आणखी एक : कर्णधाराला आणि प्रशिक्षकांना ही बातमी माईकवरून पहिल्यांदा कळता कामा नये. आपल्या बाबतीत कार्यक्रमच ठरला आहे, म्हणजे त्यांना ती ठाऊक असणार. पण संघातल्या अगदी नवख्या मुलांनाही सामन्याच्या आधी कोणी सांगितले आहे का, याची खात्री करून घ्यावी.

प्रारंभी बडोद्याचा क्रीडा-इतिहास सांगण्याचा मोह अनेकांना होतो. माणिकरावांचे व्यायाममंदिर, हिंद विजय जिमखाना, मग क्रिकेटचा विषय नसतानाही १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी केलेली ५७७ धावांची भागीदारी. या भागीदारीचा अभिमान मलाही आहे, पण ती प्रमुख पाहुण्यांसाठी सोडून द्यावी; ते ती सोडणार नाहीतच. आपल्या सात मिनिटांत फक्त आपल्याला ठाऊक असलेलेच यावे.

आता आभाराची यादी. ती फाडून टाकावी असे मी म्हणणार नाही. सचिन तेंडुलकर १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर बोलले तेव्हा त्यांच्याही हातात नावांचा कागद होता, आणि कोणी राहून जाऊ नये म्हणून तो आणला आहे, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले होते. ते भाषण वीस मिनिटांच्या आसपास चालले आणि त्यातला बराच भाग आभाराचाच होता. तरी ते यादीसारखे वाटले नाही. त्याचे कारण शोधायचे तर आचरेकर सरांविषयीचा भाग पुन्हा ऐकावा. सर त्यांना स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेत, आणि मुलगा निर्धास्त होऊ नये म्हणून ‘छान खेळलास’ असे सरांनी कधी म्हटले नाही. दोन तपशील, आणि गुरू डोळ्यांसमोर उभे राहिले. ‘मार्गदर्शन’, ‘मोलाचे सहकार्य’ हे शब्द तेथे लागलेच नाहीत. त्या भाषणाची लांबी मात्र आपण घेऊ नये. चोवीस वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीनंतर लोक वीस मिनिटे थांबले. आपल्या मैदानावर संध्याकाळी सातनंतर लोकांना घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो.

तेव्हा यादीतल्या प्रत्येक नावासमोर एक क्रियापद लिहून पाहावे : त्या माणसाने नेमके काय केले? ज्यांच्यासमोर ‘प्रोत्साहन दिले’ यापलीकडे काही लिहिता येत नाही, ती नावे सत्कारपत्रात किंवा निवेदकाच्या प्रास्ताविकात जाऊ द्यावीत. पदाधिकाऱ्यांचा मान तेथे व्यवस्थित राखला जातो. ज्यांच्यासमोर काही ठोस उतरते, अशी चार-पाच नावे आपण घ्यावीत. पहाटे पाणी मारून मैदान बसवणारे आणि चुन्याने पाट्या आखणारे काका त्यात असले, तर त्यांचे नाव अध्यक्षांच्या आधी आले म्हणून कोणी रागावणार नाही. ‘काकांनी मधली रेघ आखली की ती दोरीशिवायही सरळ असे’ एवढे वाक्य बोलून पाहा, लोक मान वळवून काकांना शोधतील. हा भाग दीड मिनिटाचा असावा आणि तो प्रारंभानंतर लगेच उरकावा, म्हणजे शेवटचा सारा वेळ दोन मुख्य गटांसाठी मोकळा राहतो.

सहकाऱ्यांसाठीच्या भागात एकच प्रसंग घ्यावा आणि तो पुरता सांगावा. प्रसंग निवडताना माझी कसोटी अशी आहे की त्यात जे घडले ते दुसऱ्या कोणी केलेले असावे आणि आपण त्याचे साक्षीदार असावे. शेवटच्या तुकडीत एकटे उरून आपण तीन मिनिटे कसे टिकलात, हे आपण सांगितले तर ती बढाई होते. कर्णधाराने सांगितले तर गौरव होतो. नमुना म्हणून मी एक परिच्छेद लिहून दाखवतो. नावांऐवजी खेळाडूची जागा लिहिली आहे. तेथे आपल्या संघातली खरी नावे आणि अर्थातच आपल्या आठवणीतला खरा प्रसंग घालावा.

‘आपला खुंटावरचा गडी आठवतो. उपांत्य सामना, पावसाने मैदान निसरडे झालेले, आपले आक्रमण आणि शेवटचे अर्धे मिनिट. बरोबरी होती आणि एक गडी बाद हवा होता. त्यांचा धावक खुंटाला वळसा घालून निघाला, तेव्हा मी शेवटून दुसऱ्या पाटीवर बसलो होतो आणि मला काहीच करता येत नव्हते. याने सूर मारला. उठला तेव्हा कोपराची साल पार निघाली होती, रक्त येत होते. मी धावत गेलो तर मला म्हणतो, “दादा, आधी गुण लिहिला का ते बघा.” त्यानंतर एखाद्या दिवशी सरावाला जायचा कंटाळा आला की मला ते कोपर दिसायचे.’

या परिच्छेदात बोलणाऱ्याने स्वतः काहीच केलेले नाही, तो बसून आहे; आणि खो-खोत आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ जण बसलेलेच असतात, त्यामुळे ऐकणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ती असहायता लगेच ओळखू येते. ‘जिद्द’ हा शब्द त्यात नाही. रक्ताळलेल्या कोपरानंतर तो लागत नाही. शेवटचे वाक्य तेवढे स्वतःविषयी आहे, तेही त्या सहकाऱ्यामुळे आपल्यात काय फरक पडला ते सांगण्यापुरते. हा प्रसंग सांगून झाल्यावर उरलेल्या खेळाडूंची एकेका वाक्यात नावे घेता येतात, पण ती सर्वांची घ्यावीत किंवा कोणाचीच घेऊ नयेत. पंधरा जणांच्या संघात तेरा नावे घेतली, तर त्या संध्याकाळी राहून गेलेल्या दोघांचीच चर्चा होते.

भाषेबद्दल माझे मत ठाम आहे. एकच मजकूर आधी मराठीत आणि मग गुजरातीत सांगू नये. तसे केल्याने वेळ दुप्पट लागतो, आणि बडोद्यात तर दोन्हीकडच्या लोकांना दोन्ही भाषा कळत असल्यामुळे प्रत्येक विनोद दुसऱ्यांदा फसतो. आपण सरावात ज्याच्याशी ज्या भाषेत बोलत आलात, त्याच्याशी त्याच भाषेत बोलावे. गुजराती सहकाऱ्यांसाठीची दोन-तीन वाक्ये फक्त गुजरातीतच असावीत आणि ती मराठीत पुन्हा सांगू नयेत : ‘तमे बधाए मने क्यारेय बहारनो गण्यो नथी. मॅच पछी तमारे घेर जेटली वार जम्यो छुं, एटली वार तो मारे घेर पण नथी जम्यो.’ तुम्ही मला कधी परका मानले नाही आणि तुमच्या घरी जितक्या वेळा जेवलो तितक्या वेळा माझ्या घरीही जेवलो नाही, हे मराठी घरांतल्या मंडळींना कळते, ते हसतात, आणि ज्यांना उद्देशून ते बोलले गेले त्यांना ते केवळ आपल्यासाठी होते हेही कळते. बाकी भाषण सरळ मराठीत करावे. एरवी आपण बोलतो ती बडोद्याची मराठी व्याकरणशुद्ध पुणेरी नसली तरी चालेल. माईक हातात आला की अनेकांची भाषा एकदम आकाशवाणीची होते, आणि रोज भेटणाऱ्या माणसांना ती परकी वाटते.

यानंतर उजवीकडे वळावे. पाठीराख्यांना ‘आपल्या प्रेमामुळेच मी येथवर आलो’ असे सांगितले तर ते टाळ्या वाजवतात, पण त्यांनी मैदानाबाहेर उभे राहून जे केले ते त्यात येत नाही. खो-खोत याचे उत्तम उदाहरण हाताशी आहे. धावणाऱ्याला घड्याळ बघता येत नाही. आपल्या तुकडीचे किती सेकंद झाले, डाव संपायला किती उरले, हे त्याला बाहेरच्या आवाजावरून कळते. ते असे सांगता येईल :

‘आत धावताना मला तुमचे चेहरे कधी दिसले नाहीत, आवाज मात्र ओळखू येत. कठड्यावरून “शेवटचं मिनिट” असा एक जाड आवाज येई आणि त्यापाठोपाठ बायकांच्या बाजूने “अरे, वळ, वळ” असा दुसरा. पहिल्या आवाजावर मी वेग राखून ठेवायचो, दुसऱ्यावर हूल द्यायचो. दुसऱ्या गावी सामने झाले की हे दोन्ही आवाज नसायचे, आणि तेथे किती वेळ झाला हे मला धड कळायचे नाही.’

त्या आवाजांचे धनी समोर बसलेले असतात आणि आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे बोट दाखवतात. भाषणाच्या या भागात नावे घेण्याची गरज पडत नाही. जागा आणि आवाज सांगितले की पुरते. दूरवरून येणाऱ्या, पावसात थांबणाऱ्या, पराभवानंतरही घरी न जाणाऱ्या लोकांचा उल्लेख करायचा असेल, तर तोही असाच ठिकाण सांगून करावा : कोण कोठे उभे राहत असे, कोण दांडिया बाजारातून सायकलवर येत असे. प्रतिस्पर्धी संघ तेथे हजर असेल, तर त्याच्यासाठीचे एक वाक्य या भागाच्या आधी यावे. शेवटी आले तर ते विसरून मग आठवल्यासारखे दिसते.

शेवट करताना ‘आता मी पुढच्या पिढीला खो देतो’ हे वाक्य कृपया वापरू नये. पहिल्यांदा ज्याने म्हटले असेल त्याला दाद मिळाली असेल, आता खो-खोच्या प्रत्येक निरोपसमारंभात ते येते आणि समोरची मुले ते वक्त्याच्या आधी पुटपुटतात. त्याऐवजी एखादी साधी कृती ठरवावी. आपल्या क्रमांकाचा गणवेश कोणाला द्यायचा असेल, तर आदल्या दिवशी कर्णधाराशी बोलून ठरवावे, आणि पाठीराख्यांचा भाग संपताच ‘हा क्रमांक उद्यापासून यांचा’ असे म्हणून तो द्यावा. त्यानंतर बोलू नये. माईक खाली ठेवावा.

गळा दाटून येईल, हे गृहीत धरूनच लिहावे. तो कोठे दाटेल हे आपल्याला घरीच कळते : मोठ्याने वाचून पाहा, ज्या ओळीवर घरी आवाज हलतो, तीच ओळ मैदानावर अडवते. बहुधा ती आईची किंवा दिवंगत गुरूंची असते. ही ओळ पहिल्या मिनिटात ठेवली तर पुढचे सहा मिनिटे सावरता येत नाही आणि अगदी शेवटी ठेवली तर गणवेशाचा प्रसंग हुकतो. आभाराच्या भागाच्या मध्यावर ती बरी. ती छोट्या वाक्यात लिहावी आणि तिच्या लगेच पुढे एखादी कोरडी माहिती असावी, एखादे साल किंवा गावाचे नाव, म्हणजे वाचता वाचता श्वास जागेवर येतो. सामना संपल्यावर दहा मिनिटांच्या आत माईक हाती घेऊ नये. छाती धपापत असताना सुरुवातीची वाक्ये तुटतात आणि ते लोकांना रडण्यासारखे ऐकू येते. कागद एकच मोठा न घेता पोस्टकार्डाएवढे जाड पुठ्ठ्याचे तुकडे घ्यावेत, एका तुकड्यावर एकच भाग, अक्षर ठळक आणि तुकड्यांवर क्रमांक घातलेले. संध्याकाळच्या वाऱ्यात पातळ कागद फडफडतो आणि माईकमध्ये त्याचा आवाज येतो.

काय वगळावे, याबद्दल थोडक्यात. निवड समितीने कधी डावलले असेल, संस्थेत कधी बिनसले असेल, तर त्याचा सूचक उल्लेखही नको. ‘काही लोकांना मी खेळावे असे वाटत नव्हते’ असे एक वाक्य पुरते, आणि लोक पुढचे सारे भाषण ते ‘काही लोक’ कोण याचा विचार करत ऐकतात. आणि ‘मी रोज मैदानावर येईन’ असे आश्वासन देऊ नये. सकाळच्या सरावाला येणार असाल तर तेवढेच सांगावे.

शेवटची सूचना माझ्या स्वतःच्या व्यवसायाच्या विरुद्ध जाणारी आहे. भाषणाची प्रत आदल्या दिवशी निवेदकाला दाखवावी आणि त्यातला कोपराचा आणि आवाजांचा प्रसंग प्रास्ताविकात सांगू नये असे स्पष्ट बजावावे. आम्ही निवेदक परिचयासाठी सहकाऱ्यांकडून किस्से गोळा करतो, आणि खेळाडूने सात मिनिटांसाठी जपून ठेवलेला एकुलता एक प्रसंग त्याच्या आधी पाच मिनिटे आमच्याच तोंडून निघून जातो. सत्कारपत्राचे वाचन आणि पाहुण्यांची भाषणेही आपल्या आधीच होऊ द्यावीत. आपल्यानंतर फक्त राष्ट्रगीत असावे.